मेळावा त्यांचा, जमाव आमचा

साथींनो,

पेपर आपल्या पाड्यावर दोन दिवसांनी येतो. तो दुकानातून चहापत्तीच्या पुडीला गुंडाळून येतो नाहीतर एस.टी.च्या कंडक्टरकडून मागून घ्यावा लागतो. तरी आपण तो वाचतो, आणि ज्यांना वाचता येत नाही ते आमच्याकडून वाचून घेतात. त्यात आपल्याविषयी काही आलं असेल तर एक गोष्ट हमखास दिसते. मंत्री आला, ट्रक भरून माणसं आणली, पुरीभाजी वाटली, तर तो "मेळावा" असतो. आपण स्वतःच्या पायाने चालत, स्वतःची भाकर बांधून कचेरीवर गेलो की तो "जमाव" होतो. माणसं तीच, कधी कधी तर तेवढीच. मग शब्द वेगळा का?

काही शिकलेली माणसं म्हणतात, शब्दावरून काय भांडता, जमिनीवरून भांडा. आमचं म्हणणं असं की हे भांडण जमिनीचंच आहे. "जमाव" हा शब्द पेपरात छापला जातो तेव्हा तो नुसता शब्द राहत नाही. त्याच्या मागे कलम असतं, कलमाच्या मागे कोठडी असते. ते कसं, हे या अंकात नीट मांडायचं ठरवलं आहे.

आधी शब्द एकेक करून हातात घेऊन बघू.

"गर्दी" म्हणजे पुष्कळ माणसं एका ठिकाणी, एवढंच. बाजारात गर्दी, एस.टी. स्टँडवर गर्दी. गर्दीला हेतू नसतो. म्हणून आपल्या धरण्याला पेपरवाला "गर्दी" म्हणतो तेव्हा आपण कशासाठी आलो होतो ते पुसलं जातं, आणि पुढच्या ओळीत "वाहतुकीचा खोळंबा झाला" असं येतं. म्हणजे आपण अडचण झालो. पण हीच गर्दी पुढाऱ्याच्या सभेला असली की "अलोट" होते आणि "उसळते". आपली गर्दी कधी उसळत नाही, आपली नुसती "होते".

"मेळावा" भरतो, आणि तो नेहमी "पार पडतो" किंवा "संपन्न होतो". मेळाव्याला बोलावणारा असतो, मांडव असतो, अध्यक्ष असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे सतरंजी आणि हारतुरे येतात. "सभा" त्याच घरातला शब्द आहे. सभेत कोणीतरी बोलतं आणि बाकीचे ऐकतात, म्हणजे सभेतल्या माणसाला डोकं आहे हे त्या शब्दातच धरलेलं असतं.

"मोर्चा" हा लढाईतला शब्द आहे, पण आता सगळ्यांच्या सवयीचा झाला. मोर्चा निघतो, जातो, आणि पेपरवाल्याला जोर आला की "धडकतो". मोर्च्याला निदान मागणी असते. "मोर्चा कशाचा?" असं कोणी विचारतं. "जमाव कशाचा?" असं कोणी विचारत नाही.

"टोळी" हा शब्द आपल्याला चांगला ओळखतो. ऊस तोडायला जाणाऱ्या मजुरांची टोळी असते, आणि तो शब्द मुकादमाच्या वहीत असतो तोवर कोणाला भीती वाटत नाही. दरोडेखोरांचीही टोळी असते. आणि जुन्या पुस्तकांत आपल्या जमातींनाच "रानटी टोळ्या" म्हटलेलं आहे. म्हणून पेपरात "आदिवासींची टोळी आली" असं येतं तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात मजूर येत नाहीत, दरोडेखोर येतात.

"झुंड" आणि "कळप" हे जनावरांचे शब्द आहेत. झुंडीला तोंड नसतं, नुसते पाय असतात. त्यातूनच "झुंडशाही" निघाली, आणि ती बातमीपेक्षा अग्रलेखात जास्त सापडते.

राहिला "जमाव". मूळ शब्द काही वाईट नाही. जमणे, त्यावरून जमाव. पण शब्द ज्यांच्या संगतीला राहतो तसा होतो. जमाव शेजाऱ्यांसोबत येतो तो असा: जमाव बिथरला, जमाव खवळला, जमाव चाल करून आला, जमावाने दगडफेक केली, जमाव पांगवला. बिथरतो तो बैल. पांगवतात ती गुरं. एकदा "जमाव" लिहिलं की मागून हे सगळे शब्द आपोआप येतात, पेपरवाल्याला विचार करावा लागत नाही. "जमावाने अर्ज दिला" असं कधी वाचलं का? "जमावाने भाकर खाल्ली"? नाही. कारण जमावाला पोट नसतं आणि हातात कागद नसतो.

आता कलमाकडे येऊ.

आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात नागरिकांना शांतपणे आणि हत्याराशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे जमणं हा गुन्हा नाही, हक्क आहे. पण २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेत, म्हणजे इंग्रजांनी १८६० साली केलेल्या कायद्यात, १४१ वं कलम होतं; आता तेच भारतीय न्याय संहितेत १८९ वं कलम आहे. त्याचं नाव "बेकायदेशीर जमाव". पाच किंवा जास्त माणसं आणि त्यांचा समान उद्देश बेकायदेशीर असला, म्हणजे सरकारी नोकराला बळाने धाक घालणं, कायद्याच्या अंमलाला अडवणं, बळाने जागेचा ताबा घेणं असला, तर तो बेकायदेशीर जमाव. नीट बघा. पाच माणसं झाडाखाली बसली म्हणून काही होत नाही. उद्देश सिद्ध करावा लागतो.

त्याच कलमाच्या खाली एक खुलासा आहे, तो पाठ करून ठेवावा असा आहे. जमला तेव्हा बेकायदेशीर नव्हता असा जमाव पुढे बेकायदेशीर होऊ शकतो. याचा अर्थ असा की आपल्या प्रत्येक केसमध्ये खरा प्रश्न एकच असतो: केव्हा बदललं? सकाळी दहाला लोक कशासाठी आले, दुपारी दोनला काय झालं, पहिला हात कोणी उचलला? सगळी केस त्या क्षणावर उभी असते.

आणि पेपर काय करतो? पहिल्या ओळीतच "जमाव" लिहून तो क्षण खाऊन टाकतो. दहा वाजता आले ते जमाव, झाडाखाली बसले ते जमाव, मार खाल्ला ते जमाव. वाचणाऱ्याला वाटतं की हे घरून निघाले तेच दगड घेऊन निघाले.

पुढचं कलम १९०, ते जुन्या संहितेत १४९ होतं. बेकायदेशीर जमावातल्या एकाने समान उद्देशासाठी गुन्हा केला तर तिथे असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी. काच एकाने फोडली, तर साठ जणांनी फोडली. आता "जमाव" हा शब्द बघा. तो एकवचनी आहे. "जमाव आला, जमावाने काच फोडली." साठ माणसांचं एक अंग झालं, त्याला एकच हात आला. जे काम कोर्टात १९० व्या कलमाने पुरावा देऊन करायचं असतं, ते काम पेपर एका शब्दात, पुराव्याशिवाय करून टाकतो. म्हणून आम्ही म्हणतो की शब्दाचं भांडण जमिनीचंच भांडण आहे.

उदाहरण घेऊ. कोणत्या एका गावाचं नाव घेत नाही, पण वाचताना प्रत्येकाला आपलंच गाव आठवेल.

समजा, जून महिना आहे. पेरणी तोंडावर आली. एकसाली प्लॉट कसणाऱ्या चार घरांचे नांगर आणि दोन बैलजोड्या जंगलखात्याच्या गार्डांनी नेल्या. पावती दिली नाही. दुसऱ्या दिवशी तीन पाड्यांवरची ६३ माणसं, त्यांत ३८ बाया, आठ मैल चालत रेंज ऑफिसला गेली. हातात एक अर्ज होता: नेलेल्या वस्तूंची पावती द्या, बैल परत द्या. दहा वाजता पोचले. रेंजर साहेब नव्हते. लोक आंब्याखाली बसले. दोन वाजता गार्ड म्हणाला, उठा, निघा. एक बाई दारात बसली, म्हणाली, अर्ज घेतल्याशिवाय उठत नाही. तिला ओढलं. लोक उठून दाराशी आले. रेटारेटीत खिडकीची एक काच फुटली. कोणाच्या हाताने फुटली ते कोणालाच सांगता येत नाही. पोलीस गाडी आली, लाठ्या चालल्या. सात जणांना लागलं. चौदा जणांची नावं लिहून घेतली.

आता हीच गोष्ट तीन तऱ्हेने लिहून बघू.

पहिली तऱ्हा: "शस्त्रसज्ज आदिवासींच्या जमावाने महिलांना पुढे करून काल वनखात्याच्या कार्यालयावर हल्ला चढविला. जमाव हिंसक झाल्याने पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला. परिस्थिती नियंत्रणात आहे."

दुसरी तऱ्हा: "वनखात्याच्या कार्यालयापुढे काल आदिवासींची मोठी गर्दी झाल्याने कामकाज विस्कळित झाले. गोंधळात एक काच फुटली. काही जण किरकोळ जखमी झाले."

तिसरी तऱ्हा: "जप्त केलेल्या बैलांची पावती मागण्यासाठी तीन पाड्यांचे ६३ ग्रामस्थ काल वनखात्याच्या कार्यालयात गेले. चार तास थांबूनही अर्ज घेतला गेला नाही. दारात बसलेल्या महिलेला ओढल्यावर झालेल्या रेटारेटीत खिडकीची काच फुटली. पोलिसांनी केलेल्या लाठीमारात सात जण जखमी झाले."

तिन्ही बातम्यांत काच फुटलेली आहे. आम्ही काच लपवा असं म्हणत नाही. पण पहिली वाचून भीती वाटते, दुसरी वाचून कंटाळा येतो, आणि तिसरी वाचून माणूस विचारतो, "मग बैल परत दिले का?" बातमीचा रंग म्हणतात तो हाच. एकट्या शब्दाने तो येत नाही, पण शब्दापासून सुरू होतो.

पहिलीतल्या तीन जागा बोट ठेवून दाखवतो.

"शस्त्रसज्ज." आपल्या माणसाच्या कमरेला कोयता असतो. तो लाकूड तोडायला, वाट मोकळी करायला, नारळ सोलायला, सगळ्यालाच. शेतकऱ्याच्या खांद्यावर टॉवेल असतो तसा. "कमरेला कोयते होते" आणि "शस्त्रसज्ज होते" यांत हात उगारण्याचा फरक आहे. प्राणघातक हत्यार घेऊन बेकायदेशीर जमावात राहिलं तर शिक्षा सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर जाते. म्हणून मोर्च्याला जाताना कोयता घरी ठेवा असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. पण ज्याने ठेवला नाही तो दरोडेखोर होत नाही.

"महिलांना पुढे करून." म्हणजे बायांना स्वतःचे पाय नव्हते, कोणीतरी ढकललं. ज्या बाईचा बैल गेला ती स्वतःच पुढे होती. जमावाला डोकं नाही असं एकदा धरलं की डोकं बाहेरून आणावं लागतं. म्हणून "जमाव" या शब्दामागोमाग "चिथावणी" हा शब्द येतो, आणि "भोळ्याभाबड्या आदिवासींना भडकावणारे" कोणीतरी येतात. रागही आमचा नाही, अक्कलही आमची नाही!

"करावा लागला." लाठीमार केला नाही, करावा लागला. मराठीतली ही फार सोयीची जागा आहे. "केला" म्हटलं की कोणी केला, का केला असे प्रश्न येतात. "करावा लागला" म्हटलं की मारणाराच बिचारा होतो. वर "सौम्य". लाठीच्या मोजमापाचा हा शब्द कधीही पाठीवर लाठी बसलेल्या माणसाच्या तोंडातून आलेला नाही.

आता कोणी म्हणेल, पेपरवाले काय आपले दुश्मन आहेत? बहुतेक नाहीत. तालुक्याचा वार्ताहर हा आपल्यासारखाच ओढाताणीतला माणूस असतो. त्याला मानधन थोडं, वर जाहिराती आणून द्यायच्या. तो काही आठ मैल चालत पाड्यावर येत नाही. संध्याकाळी पोलीस ठाण्यात जातो, ठाणे अंमलदार त्याला नोंद वाचून दाखवतो. नोंद कलमाच्या भाषेतच लिहिलेली असते: "बेकायदेशीर जमाव जमवून." वार्ताहर त्यातला "बेकायदेशीर" गाळतो, कारण तेवढं त्याला कळतं की अजून कोर्टात सिद्ध झालं नाही. "जमाव" मात्र ठेवतो, कारण तो त्याला साधा शब्द वाटतो. मग बातमी जिल्ह्याला जाते. तिथे जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. आपली मागणी कायम शेवटच्या ओळीत असते.

आणि पोलिसांच्या नोंदीत अजून एक गोष्ट असते. "आरोपी १ ते १४ व इतर ५० ते ६० लोक." हे "इतर" म्हणजे मोकळं सोडलेलं घर आहे. पुढे महिनाभरात ज्याला आत घ्यायचा त्याला त्या घरात बसवता येतं. जो त्या दिवशी आजारी होता, लग्नाला गेला होता, तोही. पेपरात आकडा फुगवून "पाचशेचा जमाव" आलं की ते घर वाचणाऱ्याला खरं वाटायला लागतं. पेपरचं कात्रण हा कोर्टात आपोआप पुरावा होत नाही, लिहिणाऱ्याने येऊन साक्ष द्यावी लागते. पण तोवर तहसीलदारापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचं मत बनून गेलेलं असतं.

हे आजचं नाही. तलवाड्याची गोष्ट आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. १९४५ साली वारल्यांनी वेठीला नकार दिला होता, लाल बावटा हातात घेतला होता. ऑक्टोबर महिन्यात गावोगाव खोटा निरोप फिरवला गेला की तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाई येणार आहेत. हजारो माणसं रात्री चालत आली. त्यांच्या मनात ती सभाच होती. बोलावणं आलं, म्हणून आले, आणि बाईंची वाट बघत उभे राहिले. बंदूकवाल्यांच्या लेखी मात्र तो जमाव होता, आणि जमाव पांगवायचा असतो. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. एकच मैदान, एकच रात्र, एकाच लोकांना दोन नावं. आज आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. पण सभेला आलेली माणसं आणि पांगवायचा जमाव यांच्यामध्ये त्या रात्री बंदूक उभी होती.

दुसरी गोष्ट नागपूरची, १९९४ सालची. २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला. त्यांच्या मागणीविषयी आदिवासींत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद वेगळा, इथे तो काढत नाही. दिवसभर हजारो बायामाणसं लेकरं घेऊन थांबली. संध्याकाळी पोलिसांच्या लाठ्या चालल्या, पळायला वाट राहिली नाही, आणि ११४ माणसं मेली. त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. या घटनेला नाव पडलं "चेंगराचेंगरी".

हा शब्द जरा उलगडून बघा. मारामारी म्हणजे एकमेकांना मारणं. ढकलाढकली म्हणजे एकमेकांना ढकलणं. तशी चेंगराचेंगरी म्हणजे एकमेकांना चेंगरणं. शब्दाची घडणच अशी आहे की करणारेही तेच आणि मरणारेही तेच. त्यात लाठी नाही, अडवलेली वाट नाही, दिवसभर भेटायला न आलेलं सरकार नाही. "गर्दीमुळे चेंगराचेंगरी झाली" एवढं वाक्य पुरं होतं आणि त्यात बाहेरचा एकही माणूस येत नाही. ११४ जण मेले आणि व्याकरणाने गुन्हा त्यांच्याच अंगावर टाकला. माणसं चेंगरली हे खरं आहे. पण कशामुळे पळाली ते त्या शब्दाबाहेर राहिलं.

आता आपल्यातल्या दोन मतांबद्दल बोलायचं आहे.

काही साथी म्हणतात, ते आपल्याला जमाव म्हणतात तर आपण आपल्या पत्रकात "प्रचंड जनसागर" लिहू. आमचं मत याच्या विरुद्ध आहे. सागरालाही तोंड नसतं. जनसागर म्हणजे जमावच, फक्त हार घातलेला. त्यातही तुमचं नाव नाही, पाडा नाही, मागणी नाही. ६३ माणसं असतील तर ६३ लिहावं. ६३ हा आकडा पोलिसांच्या "५० ते ६० इतर" पेक्षा कोर्टातही जड आहे, कारण ६३ नावं आपण दाखवू शकतो.

दुसरं मत जास्त अवघड आहे. काही जण म्हणतात की "झुंड" हा शब्दच खोटा, गरिबांना बदनाम करायला काढलेला. तसं नाही. झुंड असते. एखाद्या पाड्यावर पोर दगावलं, भगताने एका विधवेकडे बोट दाखवलं, आणि सगळे मिळून तिला भुताळी म्हणून मारायला धावले, तर तिथे गाव नसतं, सभा नसते. तिथे झुंड असते. त्यात आपले नातेवाईक असले तरी असते. तिथे "ग्रामस्थांनी जाब विचारला" असं कोणी लिहिलं तर तोही खोटेपणाच, आणि तो त्या बाईच्या जिवावर केलेला. पावती मागणाऱ्यांना आणि बाईला ठेचणाऱ्यांना एकच शब्द वापरला तर दोघांतला फरक संपतो, आणि त्याचा फायदा दोन्हीकडच्या वाईट माणसांना होतो. म्हणून शब्द नेमका हवा. आपल्याला गोड शब्द नको आहे.

मग करायचं काय? थोडंच आहे, पण त्याच दिवशी करायला हवं.

कचेरीवर जाण्याआधी पाड्यावर बसून वहीत लिहायचं: कोण जाणार, किती, कशासाठी. सह्या, अंगठे घ्यायचे. हीच आपली सभा झाली, आणि हाच आपला समान उद्देश झाला, आपल्या हाताने लिहिलेला. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. पोच देत नाहीत तर किती वाजता नाकारली ते लिहायचं, आणि तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने टाकायचा. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते.

काही बिनसलं तर दोघांनी घड्याळ बघून लिहीत राहायचं. केव्हा बदललं, हा प्रश्न पुढे येणारच आहे. आणि संध्याकाळच्या आत, वार्ताहर ठाण्यात जायच्या आधी, आपला कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. मागणी पहिल्या ओळीत लिहायची, म्हणजे खालून कापलं तरी ती राहील. त्यात "जमाव", "जनसागर" काही नको. "अमुक तीन पाड्यांची ६३ माणसं" एवढं पुरे. तयार वाक्य हातात मिळालं तर दमलेला वार्ताहर ते उचलतो. आज तो पोलिसांचं उचलतो, कारण आपलं तिथे नसतं.

तरी चुकीचं छापून आलं तर संपादकाला पत्र लिहायचं. त्यात शिव्या नकोत. कोणती ओळ चुकीची, खरं काय, पुरावा कोणता, एवढंच. पत्र छापलं नाही तर दिल्लीला प्रेस कौन्सिल आहे, तिच्याकडे तक्रार जाते. ती दंड करू शकत नाही, फक्त ताकीद देते, समज देते. फार मोठी आशा नको. पण पुढच्या वेळी त्या टेबलावर बसलेला माणूस "जमाव" लिहिताना एकदा थांबेल.

आपल्या बोलीत सोपं सांगतात: "गाव गेलं होतं." कचेरीवर कोण गेलं? गाव गेलं. हाही शब्द एकवचनी आहे, जमावासारखाच. पण गावाला शीव असते, घरं असतात, मोजता येणारी माणसं असतात, आणि उद्या सकाळी ते तिथेच सापडतं. जमाव पांगवता येतो. गाव पांगवायला जमीन काढून घ्यावी लागते, आणि नेमकी तीच आपण देत नाही.

हा अंक वाचून दाखवल्यावर पाड्यावरच्या वहीत पहिलं पान रिकामं सोडा. पेरणीच्या आधी त्यावर नावं लिहायची आहेत.